सावकाशची पाचवी पोस्ट

आमच्या वन्संना स्वतःबद्दल बोलतं करणं म्हणजे वाळू रगडून तेल काढण्यातला प्रकार. मी वीस वर्षं इथल्या रेडिओवर जाहिराती लिहिल्या. साबणाला बोलायला लावलं, गादीला लावलं, एकदा तर पाण्याच्या टाकीच्या तोंडी दोन मिनिटांचं भाषण घातलं. पण सख्ख्या नणंदेपुढे मी हात टेकले.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सव्वीस वर्षं त्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायच्या. सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली, गावाबाहेर तीन एकर जमीन घेतली आणि सेंद्रिय भाजी पिकवायला लागल्या. भाजीच्या टोपल्या दर आठवड्याला ठरलेल्या घरी पोचवायच्या, असा धंदा. नाव ठेवलं ‘सावकाश’. मी म्हटलं, “अहो वन्सं, नावातच ब्रेक! गिऱ्हाईक पळेल ना!” तर म्हणाल्या, “पळणारं नकोच आहे.” झालं. विषय संपला.

बाई बोलायला तोलून मापून, कामाला वाघीण. पॅकिंगच्या शेडमध्ये गेलात तर आजही प्रयोगशाळेत आल्यासारखं वाटेल. प्रत्येक क्रेटवर चिठ्ठी: कुठल्या वाफ्यातलं, कधी तोडलं, कोणी तोडलं. बियांच्या बाटल्या तारखेप्रमाणे ओळीत उभ्या. मी एकदा एक बाटली हातात घेऊन दुसऱ्या जागी ठेवली तर त्या नुसत्या उठल्या, ती परत जागेवर ठेवली आणि पुन्हा येऊन बसल्या. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

तर या वर्षी झालं असं, की टोपलीची घरं एकेचाळीसवर अडकली. साठ झाली तर पुढच्या हंगामाची पेरणी नीट ठरवता येणार होती. वन्संची मुलगी, माझी भाची, फोन आणि पॅकिंग सांभाळते. ती म्हणाली, “मामी, लोकांना नुसते गाजराचे फोटो दाखवून उपयोग नाही. गाजर सगळ्यांकडेच असतं. आईची गोष्ट सांगायला हवी. हे सगळं तिने कसं उभं केलं, ती. भाग पाडून, दर शुक्रवारी सकाळी एक पोस्ट. आणि लिहिणारं आपल्या घरात दुसरं आहे तरी कोण?”

मला कोणी असं म्हटलं की मी फुगते. खोटं कशाला बोलू?

बैठक बसली पॅकिंगच्या टेबलाशी. वन्सं पालकाच्या जुड्या बांधतायत, मी वही उघडून समोर.

“वन्सं, नोकरीचा शेवटचा दिवस. राजीनामा दिलात, बाहेर पडलात. तेव्हा काय वाटलं?”

“काही नाही. घरी आले, जेवले.”

“अहो, पण मनात काहीतरी खळबळ? भीती? आनंद?”

वन्संनी जुडीला दोरा गुंडाळला, विचार केला आणि म्हणाल्या, “भूक.”

असल्या मालमसाल्यातून मी चार पोस्टी काढल्या, तेव्हा माझं मला कौतुक! फोनवर वरच्या दोनच ओळी दिसतात, बाकीचं वाचायला माणसाला बोट लावावं लागतं. म्हणजे पहिली ओळ अशी हवी, की बोट आपोआप पुढे गेलं पाहिजे. पहिल्या पोस्टची ओळ मी केली: “सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांचं रक्त तपासलं. मग एक दिवस मातीचं तपासायला घेतलं.” भाचीने फोटो लावला वन्संच्या हातांचा, नखांत माती. भाजीच्या फोटोपेक्षा माणसाच्या फोटोवर लोक जास्त थांबतात, हे तिचं म्हणणं अगदी खरं निघालं. खाली लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना पहिल्या तासाभरात उत्तरं द्यायची, हेही तिचंच. मी सकाळचा चहा हातात घेऊन उत्तरं देत बसायची आणि आमचे हे स्वयंपाकघरात पोळी करपवत बसायचे.

तिसऱ्या पोस्टमध्ये शेजारचे गवळीदादा आले. वन्संच्या कुंपणाला लागूनच त्यांचा गोठा, चौदा गाई. ‘सावकाश’ला शेणखत तिथूनच येतं. फोटोत गवळीदादा आणि वन्सं खताच्या ढिगाजवळ उभे, दोघंही कॅमेऱ्याकडे संशयाने बघतायत. ती पोस्टही चालली. घरं एक्कावन्न झाली.

एक नियम मात्र वन्संनी पहिल्याच दिवशी घातला होता. त्यांनी वाचून, खाली सही केल्याशिवाय एकही पोस्ट वर जायची नाही. प्रयोगशाळेतून रिपोर्ट बाहेर पडायचा तर सही लागायची, तसंच हे. भाची कागदावर छापून आणायची, वन्सं लाल पेनाने वाचायच्या. माझ्या ‘अथांग’, ‘अविरत’, ‘झपाटलेली’ अशा लाडक्या शब्दांवर रेघा ओढायच्या आणि सही करायच्या. मी मनातल्या मनात चरफडायची.

मग आली पाचवी पोस्ट.

आता गोष्ट म्हटली की त्यात पडझड हवीच. नायिका नुसती चढतच गेली तर वाचणाऱ्याला तिच्याशी काय देणंघेणं? मी वन्संना म्हटलं, “कुठेतरी आपटला असालच ना?”

“दुसऱ्या वर्षी टोमॅटो गेले.”

“कसे?”

यावर त्यांनी हातातलं काम थांबवलं. मला वाटलं, आली गाडी रुळावर. हळूहळू निघालं ते असं. त्या वर्षी गवळीदादांनी गाईंसाठी बाहेरून सुकं गवत घेतलं होतं. गवत विकणाऱ्याने कुरणावर तणनाशक मारलं होतं, आणि ते सांगितलं नव्हतं. ते औषध गवताला काही करत नाही, रुंद पानांच्या झाडांना मारतं. गाईने गवत खाल्लं, गाईला काही झालं नाही. औषध जसंच्या तसं शेणात उतरलं. शेणाचं खत झालं तरी गेलं नाही. ते खत वन्संनी विश्वासाने अर्ध्या एकरात पसरलं, आणि टोमॅटोची न् शेंगांची पानं आक्रसून मुठीसारखी वळली. वन्संनी स्वतःच प्रमाणपत्र देणाऱ्यांना कळवलं. त्या तुकड्याची सेंद्रिय व्हायची मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागली.

“तेव्हा काय वाटलं?” मी विचारलं.

“पानं वळली,” वन्सं म्हणाल्या. मग काम पुन्हा हातात घेत, “गवळीदादांचं नाव घालू नकोस हं.”

“छे, छे!” मी म्हटलं.

आणि नाव नाहीच घातलं मी! पहिली ओळ लिहिली: “शेजारच्या गोठ्यातून आलेल्या विषाने माझी शेती एका रात्रीत मारली.” वाचून स्वतःच्याच अंगावर काटा आला. एका रात्रीत काही मेलं नव्हतं, तीन आठवडे लागले होते, पण तीन आठवड्यांत ती मजा नाही. गवत विकणाऱ्याचं आणि तणनाशकाचं सगळं खाली सविस्तर होतंच. अर्थात, ते वाचायला बोट लावायला हवं.

गुरुवारी वन्सं बियाणांच्या बैठकीला परगावी गेल्या, शुक्रवारी दुपारी यायच्या होत्या. भाची म्हणाली, “मामी, सही?” मी म्हटलं, “अगं, नाव कुठे घातलंय? शुक्रवार चुकला तर लोक विसरतात. लाव तू.” ही चूक माझी. पोरीचा त्यात काही दोष नाही.

पोस्ट अशी सुटली, की विचारू नका. दुपारपर्यंत आधीच्या चारही पोस्टींच्या दुप्पट लोकांनी पुढे पाठवली. कोणी रडक्या चेहऱ्यांची रांग लावली, कोणी “ताई, तुम्हाला सलाम”. टोपलीची घरं संध्याकाळी अडुसष्ट! साठ हवी होती, अडुसष्ट झाली! मी भाचीला धरून शेडमध्ये गोल फिरवली. वन्सं परगावाहून दमून आल्या, आकडा ऐकून म्हणाल्या, “बरं झालं. पोस्ट उद्या वाचते,” आणि झोपायला गेल्या. मला तर रेडिओच्या दिवसांत बक्षीस मिळालं होतं तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

शनिवारी सकाळी आठ वाजता गवळीदादांची बायको शेडच्या दारात उभी. मी त्यांना गवळीवहिनी म्हणते. एरवी या बाईचा आवाज चार शेतं ओलांडून येतो, आज हळू.

“ताई, हे ‘विष’ म्हणजे आमचंच ना?”

त्यांच्या हातात फोन होता. माझीच ओळ, कोणीतरी पोस्टच्या वरच्या भागाचा फोटो काढून पाठवलेली. खालचं काहीच नाही. नुसतं गोठा आणि विष.

“अहो, मी नाव कुठे घेतलंय?” मी म्हटलं. होय, माझ्या तोंडून पहिलं हेच आलं. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

“नाव कशाला हवं? तुमच्या शेजारी गोठे किती आहेत? आणि मागच्या एका पोस्टीत यांचा फोटो होताच की.” त्या खाली बसल्या. “काल संध्याकाळपासून नऊ घरांनी दूध बंद केलंय. एकीने तर ‘मुलांना पाजायचं की नाही’ असं विचारलं. हे सकाळपासून गोठ्यातून बाहेर आले नाहीत. मला म्हणाले, त्या बायकांकडे जाऊ नकोस. तरी आले.”

गवळीदादांचं दूध म्हणजे तीस वर्षांची ओळख. माणूस घड्याळ बघत नाही, गावातले लोक त्यांना बघून घड्याळ लावतात. आणि मी एका ओळीच्या हौसेपायी त्या माणसाच्या नावाला काळं फासलं होतं.

तेवढ्यात वन्सं आल्या. त्यांनी फोन घेतला, आमच्या पानावरची पूर्ण पोस्ट शेवटपर्यंत वाचली, मग परत पहिल्या ओळीवर आल्या. मी वाट बघत होते की आता कडाडतील. कडाडल्या नाहीत.

“सही कुठंय?” एवढंच विचारलं.

“नाहीये,” मी म्हटलं. “वन्सं, माझं चुकलं. मी मूर्ख आहे.”

“ते नंतर बघू.” त्या गवळीवहिनींशेजारी बसल्या आणि माझ्याकडे वळून बोलायला लागल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना एका दमात इतकं बोलताना ऐकलं.

“पानं वळल्यावर मला कारण कळेना. गवळीदादांनीच शोधलं. त्यांनी कुंड्यांत शेंगांचं बी लावलं. एकीत आपलं खत मिसळलं, एकीत नुसती माती. गवताची प्रत्येक खेप वेगळ्या कुंडीत तपासली. तीन आठवड्यांत कळलं कुठल्या गवताचा दोष आहे ते. मग आले फावडं घेऊन. अर्ध्या एकरावर पसरलेलं सगळं खत वरवर खरवडून काढलं. एकट्यांनी. मी हात लावायला गेले तर लावू देईनात. अकरा दिवस रोज यायचे, दूध घालून झालं की. ते गवत परत पाठवलं. त्यानंतर आजतागायत, नवीन गवत आलं की आधी शेंगा लावतात, मग मला खत देतात.”

गवळीवहिनी पदराने डोळे पुसायला लागल्या. माझेही भरले.

“वन्सं, हे तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस, मला काय वाटलं. कोणी काय केलं, ते विचारलंच नाहीस.”

अशी सणसणीत चपराक बसल्यासारखं झालं, आणि ती बाई आवाज न चढवता बोलली होती. वीस वर्षं लिहितेय मी, आणि मला प्रश्न विचारता येत नव्हता! गोष्ट वन्संची, म्हणून मी सगळा उजेड त्यांच्यावर टाकला. बाकीची माणसं अंधारात, आणि अंधारातला माणूस गोष्टीत आपोआप खलनायक होतो.

भाची रडकुंडीला आलेली. “काढून टाकू का पोस्ट?”

“नको,” मी म्हटलं. एवढं मला कळत होतं. काढली तर लोक म्हणणार, काहीतरी लपवतायत. आणि लोकांच्या फोनमध्ये जो फोटो फिरतोय तो थोडाच निघणार? आम्ही पोस्ट तशीच ठेवली, पण पहिली ओळ बदलून वर लिहिलं: “दुरुस्ती. या पोस्टमधली पहिली ओळ चुकीची होती. दोष गवतावर मारलेल्या तणनाशकाचा होता, गोठ्याचा नव्हता. ही गोष्ट पाच वर्षांपूर्वीची आहे. ते औषध तेव्हा शेणावाटे बाहेर पडलं, म्हणून तर खतात सापडलं. ते गवत गोठ्यात पुन्हा आलेलं नाही.” वन्संनी दोनदा वाचलं, सही केली, मग वर गेलं. भाचीने ती पोस्ट आमच्या पानावर सगळ्यात वर अडकवून ठेवली, म्हणजे येणाऱ्याला आधी तीच दिसेल. खालच्या प्रत्येक प्रश्नाला मी स्वतः उत्तर दिलं. मोजली नाहीत, पण अंगठा दुखला.

रविवारी मी गवळीवहिनींकडून नऊ घरांची यादी घेतली आणि चपला घालून निघाले. फोनवरून केलेली घाण फोनवरूनच धुतली जात नाही. नऊ दारं वाजवली. “मी ती पोस्ट लिहिणारी. मी चुकीचं लिहिलं.” एका घरी आजोबांनी मला दारातच पंधरा मिनिटं उभं करून झापलं. एका घरी चहा मिळाला. एक बाई म्हणाली, “तुम्ही स्वतः आलात म्हणून, नाहीतर मी आता कुठल्याच दुधावर विश्वास ठेवणार नव्हते.” संध्याकाळपर्यंत चार घरं परत आली. आमचे हे बरोबर आले होते, प्रत्येक दारात मान डोलवायला. एरवी माझ्या चुका मोजायची संधी न सोडणारा माणूस दिवसभर गप्प होता, यातच सगळं आलं.

राहिले गवळीदादा.

सोमवारी वन्सं, मी आणि भाची गोठ्यात गेलो. गवळीदादा एका गाईला खरारा करत होते. आमच्याकडे पाठ.

“दादा,” मी म्हटलं, “तुमची माफी मागायला आलेय.”

“मागा.”

“मागितली.”

“ऐकली.” खरारा चालूच.

मी वन्संकडे बघितलं, त्या गाईकडे बघत होत्या. या दोघांची दोस्ती कशावर चालते ते मला त्या क्षणी कळलं. दोघंही न बोलण्यात एकापेक्षा एक.

“दादा, पुढच्या शुक्रवारची पोस्ट तुमची आहे,” मी म्हटलं. “तुम्ही सांगाल ते. तुम्हाला नको असेल तर एक अक्षर लिहिणार नाही.”

आता मात्र गवळीदादा वळले, खरारा माझ्यावर रोखून. “वहिनी, एक सांगतो. विष लिहिलंत ते लिहिलंत. तुम्ही शहाण्या बाई, होते चूक. पण खत पडलं ते लिहिलंत आणि खत उचललं कोणी ते नाही लिहिलंत! अकरा दिवस कंबर मोडली माझी. ती कुठं गेली?”

गवळीवहिनी मागून खिदळल्या. “तरी मी म्हणत होते, हे कशावर रुसलेत! विषावर नाहीच. कंबरेवर!”

“तू गप गं.”

“का गप? अकरा दिवस रात्री तेल कोण चोळत होतं? ते पण लिहा हो ताई.”

आणि मग जी गोष्ट बाहेर पडली, बाई गं! गवळीदादा सांगायला लागले की गवळीवहिनी मध्येच दुरुस्ती करायच्या. “फावडं माझं होतं.” “फावडं माझ्या भावाचं होतं.” “पाऊस होता.” “पाऊस नव्हता, ऊन होतं, तुम्ही छत्री उन्हासाठी नेली होती.” मी या वेळी शहाणी झाले होते. कोणाला काय वाटलं हे एकदाही विचारलं नाही. नुसतं, “मग कोणी काय केलं?” आणि “मग?” वहीची सात पानं भरली. शेंगांच्या कुंड्या कशा लावायच्या, पान कसं वळतं, किती दिवस थांबायचं, सगळं. भाचीने कुंड्यांचा फोटो काढला. फोटोत गाई हव्यातच, अशी गवळीदादांची अट. चौदाही. त्यातली एक काही केल्या तोंड दाखवेना, तर गवळीदादा म्हणाले, “ती ताईंवर गेलीय.” वन्सं हसल्या. मोठ्याने हसल्या! मी तारीख लिहून ठेवली आहे.

पोस्टच्या सुरुवातीला मी लिहिलं, की गेल्या शुक्रवारी चुकीची ओळ लिहिणारी मी, या ताईंची भावजय. पुढे गवळीदादांच्या शब्दांत त्यांची गोष्ट. आणि शेवटी आमंत्रण: कुंड्या आता गोठ्याच्या फाटकावरच ठेवल्यात, ज्याला बघायच्या त्याने केव्हाही येऊन बघाव्यात. कागद छापला. वन्संनी लाल पेन काढलं. एक रेघ ओढली, ‘अतुलनीय’वर, बरोबरच आहे. सही केली. मग कागद गवळीदादांकडे गेला, त्यांनीही सही केली. आता पोस्टमध्ये ज्याचं नाव किंवा नुसती सावलीसुद्धा येईल, त्याचीही सही लागते.

शुक्रवारी सकाळी पोस्ट वर गेली. पाचव्या पोस्टीइतकी धावली नाही, खरं सांगते. पण जे वाचत होते ते शेवटपर्यंत वाचत होते. किती लोकांनी विचारलं, शेंगा कुठल्या लावायच्या, आमच्याकडे पण खत येतं! एका शाळेने मुलांना घेऊन येऊ का म्हणून विचारलं. दुपारपर्यंत नऊपैकी आठ घरांचं दूध पुन्हा सुरू झालं होतं, आणि दोन नवी घरं दुधासाठी आली. नववं घर त्या झापणाऱ्या आजोबांचं. ते म्हणे अजून विचार करतायत.

दुपारी चारला आम्ही सगळे गोठ्यात जमलो. गवळीदादांना फोनवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून गवळीवहिनी मोठ्याने वाचत होत्या. गाई रवंथ करत ऐकत होत्या. आमच्या यांनी आणलेली बिस्किटं गवळीदादांनी आधी गाईंना दाखवली, मग स्वतः खाल्ली. वाचून संपलं तर म्हणाले, “पुन्हा वाच. अकरा दिवसांपासून.”

गवळीवहिनींनी पुन्हा वाचलं.

वन्सं खांबाला टेकून उभ्या होत्या. वाचन थांबलं तेव्हा त्या एकदम बोलल्या, कोणीही न विचारता.

“दादा, एक सांगायचं राहिलं होतं. त्या वेळी मी शेती सोडणार होते. इस्पितळात विचारूनही आले होते, परत घेता का म्हणून. पण तुम्ही रोज सकाळी फावडं घेऊन फाटकात उभे. तुमच्या तोंडावर ‘सोडते’ म्हणायचं धाडस झालं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी जमीन मोकळी दिसली, आणि मी बी टाकलं.”

भाची आपल्या आईकडे बघतच राहिली. हे तिलासुद्धा माहीत नव्हतं.

गवळीदादांनी बिस्किटाचा चुरा मिशीवरून झटकला.

“माहीत होतं मला,” ते म्हणाले. “तुमचा चेहरा सगळं सांगायचा, ताई. नाहीतर काम चारच दिवसांचं होतं.”

तशा गवळीवहिनी कडाडल्या, “म्हणजे सात दिवस मी फुकट तेल चोळलं?” आणि हसता हसता वन्संच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही. मी वही पिशवीत घातली आणि वन्संचा हात धरून उभी राहिले.